बाटलीवर हजार, आत तीनशे

आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्या मुलांच्या बॅगा आमच्या लहानपणी उघडल्या की अत्तर, टॉर्च आणि टँगचे डबे निघत. आता त्यांतून फिश ऑइलच्या बाटल्या निघतात. सांगलीच्या आमच्या चाचांकडे अशा तीन बाटल्या आहेत, साताऱ्याच्या फुफूंकडे एक. ईदला भेटायला गेलं की शीरखुर्म्याची वाटी हातात देतानाच विचारणा होते, "तुम्ही घेता की नाही? हृदयाला चांगलं असतं."

आम्ही मियाँ-बिवी साताऱ्यात राहतो. एकाचं माहेर सांगलीत, म्हणून दुसऱ्याची सासुरवाडीही सांगलीतच. आमच्यातल्या एकानं बरीच वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर काढली आहेत आणि दुसरीनं शाळेत गणित शिकवलं आहे. त्यामुळे घरात कोणी बाटली आणली की एक जण लेबल वाचतो आणि दुसरी हिशेब मांडते. हा लेख त्या हिशेबाचाच आहे. पण त्याला एक कारणही घडलं.

चाचांचं वय चौसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांना अटॅक आला आणि मिरजेला अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. अल्हमदुलिल्लाह, बरे झाले. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपीची गोळी आणि रात्री घ्यायची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी दिली. मग रियाधहून भाच्यानं बाटल्या आणल्या. चाचांनी मनाशी ठरवलं की तेल नैसर्गिक आहे आणि गोळी केमिकल, तेव्हा एक सुरू करून दुसरी बंद करायला हरकत नाही. घरात कोणाला सांगितलं नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, तेव्हा ६८ वर आलेलं एलडीएल १२१ झालेलं होतं.

आता बाटलीकडे वळू. चाचांच्या बाटलीवर समोर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : फिश ऑइल १००० मिलिग्रॅम. हे खरं आहे. कॅप्सूलमध्ये एक ग्रॅम तेलच असतं. पण माशाच्या तेलात सगळंच ओमेगा-३ नसतं. त्यात इतर स्निग्ध पदार्थही असतात, अगदी आपल्या मटणात किंवा तुपात असतात तसे. हृदयाच्या बाबतीत ज्यांचा अभ्यास झाला ती दोन ओमेगा-३ आम्लं म्हणजे ईपीए आणि डीएचए. त्यांचे आकडे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात. चाचांच्या बाटलीवर ते होते ईपीए १८० आणि डीएचए १२०. बेरीज ३००. म्हणजे हजारातले सातशे मिलिग्रॅम नुसतं तेल. ही काही चाचांच्या कंपनीची लबाडी नव्हे. साध्या फिश ऑइलचं हेच प्रमाण जगभर चालतं आणि आपल्याकडच्या दुकानांतल्या बहुतेक साध्या कॅप्सूलही याच मापाच्या असतात.

दुसरी अडचण 'सर्व्हिंग'ची. फुफूंच्या बाटलीवर 'ट्रिपल स्ट्रेंथ' लिहिलं होतं आणि मागे ईपीए ६५०, डीएचए ४५०, म्हणजे एकूण ११००. फुफू खूश होत्या. पण त्या आकड्यांच्या वर एक ओळ होती : सर्व्हिंग साइज दोन कॅप्सूल. फुफू घेत होत्या एक. म्हणजे त्यांच्या पोटात जात होतं ५५०. लेबल वाचताना आधी ही ओळ शोधावी, मग ईपीए आणि डीएचएची बेरीज करावी आणि ती सर्व्हिंगमधल्या कॅप्सूलच्या संख्येनं भागावी. एवढं केलं की समोरचे मोठे आकडे विसरले तरी चालतात.

किमतीचं गणितही याच बेरजेवर मांडावं. आम्ही पाहिलं तेव्हा साध्या साठ कॅप्सूलची बाटली ४८० रुपयांना होती, म्हणजे एक कॅप्सूल आठ रुपयांना आणि तिच्यात ३०० मिलिग्रॅम. 'ट्रिपल'च्या साठ कॅप्सूल ९०० रुपयांना, म्हणजे पंधरा रुपयांत ५५०. एक ग्रॅम ईपीए-डीएचएला दोन्हीकडे सव्वीस-सत्तावीस रुपयेच पडत होते. महाग बाटली महाग नव्हती आणि स्वस्त बाटली स्वस्त नव्हती. 'ओमेगा ३-६-९' लिहिलेल्या बाटल्या मात्र आम्ही सरळ बाजूला ठेवतो. ओमेगा-६ आणि ९ आपल्या घरातल्या सूर्यफूल, करडई, शेंगदाण्याच्या तेलातून भरपूर मिळतात. ती पुन्हा कॅप्सूलमधून विकत घेण्यात काही अर्थ नाही.

आणि कॉड लिव्हर ऑइल ही तिसरीच चीज. शाळेत असताना अम्मी ज्या छोट्या पिवळ्या कॅप्सूल द्यायच्या त्या याच. ते माशाच्या यकृताचं तेल असतं आणि मुख्यतः जीवनसत्त्व 'अ' आणि 'ड' साठी दिलं जातं. त्यात ओमेगा-३ थोडंच. ओमेगा-३ वाढवायचं म्हणून कोणी त्या दहा-बारा कॅप्सूल रोज घेऊ लागलं तर जीवनसत्त्व 'अ' अंगात साठत जाऊन नुकसान होऊ शकतं.

तर ३०० मिलिग्रॅमनं हृदयाचं काय होतं?

ही कल्पना निघाली ग्रीनलंडमधून. १९७० च्या दशकात बांग आणि ड्यूरबर्ग या दोन डॅनिश डॉक्टरांनी तिथल्या इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. हे लोक सील आणि मासे खाऊन राहणारे. त्यांच्या रक्तातली चरबी वेगळी दिसली आणि त्यांना हृदयविकार कमी होतो असं तेव्हा समजलं जाई. दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. हृदयविकार खरंच किती कमी होता, याची मोजणी तिथे नीट झालीच नव्हती, असा आक्षेप पुढे संशोधकांनी घेतला. पण तोवर कल्पना जगभर पसरली होती.

पहिला मोठा आधार मिळाला १९९९ मध्ये इटलीतून. जिस्सी नावाच्या अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या अकरा हजारांवर रुग्णांना घेतलं. त्यांतल्या काहींना रोज एक कॅप्सूल दिली. ही शुद्ध केलेली कॅप्सूल होती, एका कॅप्सूलमध्ये साडेआठशे मिलिग्रॅमच्या आसपास ईपीए-डीएचए. चाचांच्या कॅप्सूलच्या जवळजवळ तिप्पट. साडेतीन वर्षांत तेल घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, विशेषतः अचानक येणारे. फिश ऑइलच्या जाहिरातींत आजही जी हमी दिसते तिचं मूळ बरंचसं इथे आहे.

पण या अभ्यासात दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक, नकली कॅप्सूल कोणाला दिलीच नव्हती. कोण तेल घेतो आणि कोण नाही हे डॉक्टरांना आणि रुग्णांनाही माहीत होतं. दुसरी, त्या काळात स्टॅटिन घेणारे फार थोडे होते आणि अटॅकनंतरचे उपचारही आजच्यासारखे नव्हते. आज सांगली-मिरजेत अटॅक आलेल्या माणसाला स्टेंट, स्टॅटिन आणि रक्त पातळ करणारी औषधं मिळतात. त्या सगळ्यावर आणखी तेल घातलं तर काय होतं, हा प्रश्न इटलीत विचारला गेलाच नव्हता.

तो पुढे विचारला गेला. सगळ्यांत साफ उत्तर आम्हाला वाटतं ब्रिटनच्या असेंड अभ्यासाचं, कारण तो मधुमेह्यांचा आहे आणि आपल्या घराघरांत मधुमेह आहे. पंधरा हजार चारशे ऐंशी मधुमेही, ज्यांना आधी हृदयविकार नव्हता. निम्म्यांना रोज एक ग्रॅमची शुद्ध कॅप्सूल, तिच्यात ईपीए ४६० आणि डीएचए ३८०. निम्म्यांना तशीच दिसणारी ऑलिव्ह तेलाची. कोणाला काय मिळतंय हे कोणालाच ठाऊक नाही. सरासरी सात वर्षांहून जास्त काळ हे चाललं आणि निकाल २०१८ मध्ये आला. अटॅक, पक्षाघात, रक्तवाहिनीच्या आजारानं मृत्यू अशा गंभीर गोष्टी माशाच्या तेलाच्या गटात शंभरात ८.९ जणांना झाल्या आणि ऑलिव्हच्या गटात ९.२ जणांना. हा फरक इतका बारीक की तो नशिबाचाही असू शकतो. त्याच सुमारास अमेरिकेत पंचवीस हजारांवर धडधाकट लोकांवर झालेल्या व्हायटल अभ्यासातही याच मापाच्या कॅप्सूलनं अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून मोजलेला धोका कमी झाला नाही. त्यात नुसते अटॅक थोडे कमी दिसले, हे खरं. पण तो मुख्य प्रश्न नव्हता आणि असेंडमध्ये तसं दिसलं नाही. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी सांगून टाकलं की रोज एक ग्रॅमची ही औषधं दुसरा अटॅक टाळण्यासाठी उपयोगी नाहीत.

इथे फुफूंनी आम्हाला थांबवून विचारलं, "मग डॉक्टर मला लिहून का देतात?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर द्यायचं तर डोस आणि ट्रायग्लिसराइड या दोन गोष्टींकडे जावं लागतं.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. ती एलडीएल कोलेस्टेरॉलहून वेगळी. रिपोर्टवर दोन्ही एकाखाली एक छापलेली असतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात. यकृत ही चरबी बांधून रक्तात सोडतं. ईपीए आणि डीएचए भरपूर गेलं तर यकृत ती कमी सोडतं. म्हणून रोज तीन-चार ग्रॅमच्या डोसनं ट्रायग्लिसराइड साधारण वीस ते तीस टक्के उतरतं आणि मुळात फार वाढलेलं असेल तर त्याहूनही जास्त. याबद्दल वाद नाही. एलडीएल मात्र त्यानं उतरत नाही. उलट डीएचए असलेल्या तेलानं ते थोडं वाढूही शकतं. चाचांचा रिपोर्ट तसाच होता. तेल घेऊनही एलडीएल चढलं, कारण ते खाली धरून ठेवणारी गोळी बंद झाली होती.

मग ट्रायग्लिसराइड उतरलं तर अटॅकही कमी होतील का? इथे दोन मोठे अभ्यास समोरासमोर उभे आहेत आणि त्यांची कहाणी सांगण्यासारखी आहे.

पहिला रिड्यूस-इट, निकाल २०१८ चा. आठ हजारांवर रुग्ण. सगळे स्टॅटिन घेणारे, ट्रायग्लिसराइड वाढलेले, आधीच हृदयविकार असलेले किंवा मधुमेहासोबत आणखी धोका असलेले. त्यांना रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए दिलं, डीएचए अजिबात नाही. पाचएक वर्षांत मोठ्या घटना नकली कॅप्सूलवाल्यांत शंभरात २२ जणांना झाल्या आणि ईपीएवाल्यांत १७ जणांना. हा मोठा फायदा आहे. त्यावरून अमेरिकेत २०१९ मध्ये या औषधाला अशा रुग्णांसाठी मान्यताही मिळाली.

दुसरा स्ट्रेंग्थ, २०२० चा. तेरा हजारांवर, बरेचसे तशाच प्रकारचे रुग्ण. रोज चार ग्रॅम, पण ईपीए आणि डीएचए दोन्ही मिळून. फायदा काहीच दिसेना, म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

हे असं का झालं? एक मत असं की फायदा ईपीएचा आहे आणि डीएचए सोबत आलं की तो जातो. दुसऱ्या मताचा रोख नकली कॅप्सूलकडे आहे. रिड्यूस-इटमध्ये नकली कॅप्सूलमध्ये खनिज तेल भरलं होतं आणि ते घेणाऱ्यांचं एलडीएल व शरीरातल्या जळजळीचा सीआरपी नावाचा निर्देशक अभ्यासाच्या काळात वाढला. स्ट्रेंग्थमध्ये मक्याचं तेल होतं आणि तिथे असं झालं नाही. म्हणजे पहिल्या अभ्यासात ईपीएनं जेवढं वाचवलं असं वाटतं, त्यातला काही भाग समोरच्या गटाचं थोडं बिघडल्यामुळे तर नसेल? हा वाद अजून मिटलेला नाही. आमचं मत विचाराल तर फायदा थोडा खरा असावा, पण दाखवला गेला तेवढा मोठा नसावा. डॉक्टरांतही दोन्ही बाजूंचे लोक आहेत.

एक गोष्ट मात्र दोन्ही अभ्यासांत सारखी निघाली आणि तीच कोणत्याही बाटलीवर ठळक छापलेली नसते. मोठ्या डोसनं हृदयाचे ठोके बेताल होण्याचा आजार वाढतो. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी दवाखान्यात भरती होणारे ईपीएच्या गटात शंभरात ३.१ होते आणि दुसऱ्या गटात २.१. स्ट्रेंग्थमध्येही असाच फरक दिसला. म्हणजे शंभर जणांनी चार-पाच वर्षं मोठा डोस घेतला तर सुमारे एकाला हा आजार जास्त होतो. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. छातीत फडफड होणं, विनाकारण दम लागणं, मनगटावर बोट ठेवलं तर नाडी कधी लवकर कधी उशिरा लागणं, ही त्याची खूण. असं जाणवलं तर कॅप्सूल चालू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण बहुतेक लोक तेलाला औषधांत मोजतच नाहीत. मोठ्या डोसनं रक्तस्रावही थोडा वाढतो. चाचांसारखा आधीच रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस असेल तर हिरड्यांतून रक्त येतंय का, अंगावर निळे डाग पडताहेत का, याकडे लक्ष हवं.

आता दोघांची बेरीज मांडतो.

चाचांचं ट्रायग्लिसराइड १६० होतं, म्हणजे किंचित वर. त्यांना ३०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल ना अटॅकपासून वाचवणार, ना ट्रायग्लिसराइड उतरवणार. चार ग्रॅम ईपीए-डीएचए याच बाटलीतून गाठायचं तर रोज तेरा-चौदा कॅप्सूल गिळाव्या लागतील, आणि तेलाचे सव्वाशेच्या आसपास जास्तीचे कॅलरी पोटात जातील. आम्ही त्यांना घेऊन मिरजेच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "चाचा, स्टॅटिन का सोडलीत? पाय दुखायचे का?" चाचांनी मान हलवली. पोटऱ्या दुखायच्या, पण ते सांगायला त्यांना संकोच वाटत होता. डॉक्टरांनी एक रक्ततपासणी करून घेतली, दुसरी स्टॅटिन कमी मात्रेत सुरू केली आणि तेलाबद्दल एवढंच म्हणाले, "घ्यायचं तर घ्या, पण या गोळीच्या जागी नाही." दोन महिन्यांनी एलडीएल पुन्हा ७० वर आलं. त्या तीन बाटल्यांपैकी दीड अजून फ्रिजमध्ये पडून आहे.

फुफूंचं वेगळं. त्यांना मधुमेह आहे आणि एकदा त्यांचं ट्रायग्लिसराइड ६२० निघालं. पाचशेच्या वर गेलं की चिंता फक्त हृदयाची राहत नाही. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो आणि ती सूज जिवावर बेतू शकते. तिथे मोठ्या डोसच्या तेलाला औषध म्हणून जागा आहे. पण ते औषध म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी शुद्ध केलेली कॅप्सूल. तिच्यात एका ग्रॅममध्ये ८४० मिलिग्रॅमपर्यंत ईपीए-डीएचए असतं. अशा चार म्हणजे रोज तीन ग्रॅमच्या वर. घरातल्या 'ट्रिपल'च्या एका कॅप्सूलनं ते काम होत नव्हतं. रिकाम्या पोटी घेतली तर ही औषधी कॅप्सूल नीट शोषली जात नाही. जेवणातल्या तेला-तुपासोबतच घ्यावी लागते. रमजानमध्ये फुफू दोन सहरीच्या जेवणानंतर आणि दोन इफ्तारनंतर रात्रीच्या जेवणावर घेतात. माशाच्या वासाचे ढेकर येतात म्हणून आधी त्या तक्रार करत. जेवणाच्या मध्येच घेऊ लागल्यावर ते कमी झाले.

कॅप्सूलच्या आवरणाचा प्रश्न आपल्या घरांत येतोच आणि तो यावाही. आतलं तेल माशाचं, त्यात शंका नाही. पण आवरण जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन गाई-म्हशीच्या हाडांचं, डुकराच्या कातडीचं किंवा माशाचं असू शकतं. आपल्याकडच्या पाकिटावरचं तपकिरी चिन्ह फक्त मांसाहारी एवढंच सांगतं, कोणतं जनावर ते सांगत नाही. परदेशी बाटल्यांवर कधी 'बोव्हाइन' किंवा 'फिश जिलेटिन' लिहिलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर कंपनीला विचारावं लागतं. जिलेटिन बनताना मूळ पदार्थ इतका बदलतो की त्याचा हुकूमही बदलतो का, यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत. ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारावं. विचारायला नको असेल तर बाटलीतलं पातळ तेल मिळतं. शेवाळापासून काढलेलं ओमेगा-३ ही शाकाहारी आवरणात मिळतं. माशांच्या अंगातलं ईपीए-डीएचएसुद्धा मुळात त्या शेवाळातूनच आलेलं असतं. मात्र शेवाळाच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डीएचए जास्त आणि ईपीए थोडंच असतं, म्हणून तिथेही मागचं लेबल वाचावं.

तेल खराब होतं, हेही लक्षात असू द्या. ओमेगा-३ हवेनं आणि उष्णतेनं लवकर खवट होतं आणि सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. शंका आली तर एक कॅप्सूल सुईनं फोडून वास घ्यावा. माशाचा मंद वास चालतो. आंबूस किंवा रंगासारखा उग्र वास आला तर बाटली फेकून द्यावी, पैसे गेले म्हणून गिळत बसू नये. फ्रिजमध्ये तेल धुरकट झालं तर ते बिघडलं असं नाही.

आता ताटातल्या माशाचं. सातारा-सांगली म्हणजे समुद्रापासून घाट चढून आलेला मुलूख. कृष्णेचा रोहू-कटला मिळतो, पण त्यात ईपीए-डीएचए बरंच कमी. खरं ओमेगा-३ बांगडा आणि तारलीत, आणि ते चिपळूण-रत्नागिरीकडून घाट चढून बर्फात येतात. सुरमई-पापलेटच्या भावात ते येत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांसमोर ठेवायला लोक लाजतात. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण अर्धा ते एक ग्रॅम ईपीए-डीएचए असतं. हंगामाप्रमाणे ते बदलतं आणि मासा तेलकट असेल तेव्हा जास्त भरतं. १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा बाजारात बर्फातला जुना माल येतो. त्या दिवसांत घेताना कल्ले लाल आहेत का ते उचलून पाहावं.

हिशेब करणारीनं इथे एक खोच काढली. आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर ग्रॅम बांगडा खाल्ला तर आठवड्याला एक-दोन ग्रॅम मिळतं. चाचांची साधी कॅप्सूल रोज घेतली तर दोन ग्रॅमच्या वर. म्हणजे आकड्यांत कॅप्सूल पुढे आहे. मग माशाला एवढं चांगलं का म्हणायचं? २०२१ मध्ये ५८ देशांतल्या जवळजवळ एक लाख नव्वद हजार लोकांच्या खाण्याची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला होता, त्यांच्यात आठवड्याला १७५ ग्रॅम किंवा जास्त मासे खाणाऱ्यांना पुढचा त्रास कमी झालेला दिसला, आणि तेलकट मासे खाणाऱ्यांत तो संबंध अधिक स्पष्ट होता. धडधाकट लोकांत असा फायदा दिसला नाही. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. मासे खाणारे लोक इतरही गोष्टी वेगळ्या करत असतील. पण एक गोष्ट आमच्याच स्वयंपाकघरात दिसते. बुधवारी आणि शनिवारी बांगड्याचं कालवण केलं, की त्या दोन दिवशी मटणाचा रस्सा होत नाही. कॅप्सूल घेतली तर मटणही असतंच. अर्थात बांगडा परातभर तेलात खरपूस तळला तर हा हिशेब बिघडतो. चिंच-आमसुलाच्या कालवणात किंवा तव्यावर चमचाभर तेलात तो बरा.

जवसाच्या चटणीबद्दलही लोक विचारतात. साताऱ्याकडे ती घरोघरी होते आणि आवडीनं खावी. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळं आहे. शरीर त्यातला थोडासाच भाग ईपीएत बदलतं आणि डीएचए तर नावापुरतंच होतं. चटणी चटणी म्हणून उत्तम, बांगड्याच्या बदल्यात धरू नये.

फुफूंचं ट्रायग्लिसराइड तीन महिन्यांनी ६२० वरून ३१० वर आलं. त्या सगळं श्रेय कॅप्सूलला देतात. डॉक्टर म्हणाले की याच तीन महिन्यांत साखर सवानऊच्या एचबीएवनसीवरून पावणेआठवर आली, रात्रीचा मैद्याचा पाव सुटला, तेव्हा कोणाचं किती हे वेगळं करता येणार नाही. साखर उतरली की ट्रायग्लिसराइड बहुतेक वेळा आपोआप खाली येतंच. कॅप्सूल त्यांनी आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितली आहे. पुढच्या तपासणीला नाडी आणि ईसीजी दोन्ही बघणार आहेत.